दारात बोक्याने केलेल्या मुताचा वास कायमचा कसा घालवावा

ओला डाग असेल तर आधी जुन्या कपड्याने टिपून घ्या, घासू नका. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा.

आता फिनेलची बाटली बाजूला ठेवा. मी दोन आठवडे रोज उंबरठा फिनेलने पुसत होते. वास गेला असं वाटायचं, आणि पावसाची पहिली सर आली की पुन्हा तोच. कारण मुतातलं यूरिक अॅसिड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचे बारीक खडे फरशीच्या सांध्यात बसून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतात. ब्लीच तर अजिबात नको: मुतातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा घातक वायू होतो. व्हिनेगर शहाबादी आणि संगमरवर खातं.

हे खडे मोडायला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. आणि खरी गोम इथेच आहे. लोक ते फवारतात, पाच मिनिटांनी पुसतात आणि "काही उपयोग नाही" म्हणतात. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं आणि मूत जिथवर मुरलं तिथवर ते पोचायला हवं.

माझ्या दारात डाग जमिनीवर नव्हताच. बोका शेपटी उभी करून मागच्या बाजूने भिंतीवर फवारा मारतो. चौकटीशेजारी वीतभर उंचीवर पिवळट ओघळ होता, तो खाली स्कर्टिंगच्या फटीत उतरलेला. मी फरशी पुसत राहिले आणि फट तशीच राहिली. अंधारात यूव्ही टॉर्च मारला तेव्हा कुठे तो ओघळ दिसला. मग भिंतीवर क्लीनर भरपूर फवारलं, फटीत सुमारे पाव कप ओतलं, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने लावला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी धुऊन पूर्ण वाळू दिलं. वाळताना वास वाढतो, तेव्हा घाबरू नका. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच केलं, तेव्हा गेला. आधी फिनेल वापरलं असेल तर साध्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर एन्झाइम नीट काम करत नाही.

वास राहिला की बोका त्याच जागी परततो, म्हणून पायपुसणं आणि बाहेरच्या चपलाही धुवा. पायपुसणं जुनं असेल तर टाकूनच द्या.

निळ्या पाण्याच्या बाटल्यांनी मांजरं पळत नाहीत. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्या मांजरांना विषारी असतात. बाल्कनीला जाळी हा पक्का उपाय. दाराशी जाळी शक्य नसेल, तर डागाच्या जागी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ठेवा. मांजरांना पंजाखाली चिकट लागलेलं आवडत नाही. बोका रोजचाच असेल, तर प्राणिमित्र संस्थेकडून त्याची नसबंदी करून घ्या. बहुतेक बोके त्यानंतर काही आठवड्यांत फवारणं थांबवतात, आणि मुताचा उग्र दर्पही कमी होतो.