सतत रडगाणं गाणाऱ्या सहकाऱ्याशी वागताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं काढली, आणि प्रत्येक शॉपमध्ये असा एक माणूस भेटलाच. सकाळी गेटवर पंच करतानाच सुरू, बस उशिरा आली, चहात दूध नाही, शिफ्ट इन्चार्ज माणसं बघून काम देतो. साडेनऊच्या चहाला दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसलं की पुढचे दोन तास कामात लक्ष लागत नाही. नवीन पोरं याच्याशी कशी वागतात ते बघून आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याचा प्रॉब्लेम आपण सोडवायला जाणं. मी स्वतः केलीय. आमच्याकडे एक मामा होते, इन्स्पेक्शनला, हात एकदम पक्का, पण तोंडात सारखी तक्रार. त्यांचं टेबल फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात त्या खात्याच्या दाराशी होतं, धूळ येते, खोकला होतो म्हणून रोज ऐकवायचे. मला वाईट वाटलं, सुपरवायझरच्या मागे लागून आठ दिवसांत टेबल आतल्या बाजूला खिडकीपाशी हलवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "इथं उजेड डोळ्यावर येतोय की रे." पडदा लावला. मग म्हणे वारा लागत नाही. फॅन मागितला, तर फॅनच्या वाऱ्यानं कागद उडतात. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्यावर चिडलो, सगळ्यांसमोर बोललो, आणि मामांना खरंच कळेना मी का चिडलोय. टेबल हलवा असं ते मला कधी म्हणालेच नव्हते, त्यांना फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. एक उपाय सुचवून बघा. "होय, पण..." आलं तर आणखी एक सुचवा. दुसऱ्यांदाही "होय, पण..." आलं की थांबा, तिसरा उपाय देऊ नका. मी आता एवढंच म्हणतो, "त्रास आहे खरा मामा. मग तुम्ही काय करायचं ठरवलंय?" आणि गप्प बसतो. "मी बघतो" हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत, कारण ते बोललात की पुढचं सगळं तुमच्या गळ्यात. पहिल्या दिवशी काही फरक पडत नाही, आणि दोन दिवसांत माणूस गप्प झाला पाहिजे अशी घाई असेल तर हे करूच नका. मला दीड-दोन महिने लागले.

बरं वाटावं म्हणून त्याच्या सुरात सूर मिसळू नका. तुमचं "होय ओ, साहेब तसाच आहे" संध्याकाळपर्यंत साहेबाच्या कानावर तुमच्या नावानं जातं.

"पॉझिटिव्ह राहा मामा" हे तर अजिबात नको. त्याला वाटतं आपलं ऐकलंच नाही, मग तो तेच दुप्पट जोरात सांगतो.

आता दुसरी मोठी चूक, आणि ही जास्त महागात पडते. लोक कंटाळून ऐकायचंच सोडतात. डिप्लोमा करून आलेली पोरं तर कानात इअरफोन घालून बसतात, त्यांना हा शॉर्टकट वाटतो. त्याच मामांनी एका पावसाळ्यात चार-पाच दिवस लावून धरलं होतं की भोकाचा आतला व्यास मोजायच्या बोअर गेजचा झिरो हलतोय, सकाळी पक्क्या मापाच्या मास्टर रिंगला सेट केला तरी दुपारी वेगळंच दाखवतोय. बस, चहा, पगार यांच्या मधेच ते बोलून जायचे, म्हणून आम्ही सगळ्यांनी तेही सोडून दिलं. बोअर ५० एमएमचा, एच सेव्हन, म्हणजे सगळी मिळून सूट २५ मायक्रॉन, आणि गेज हलला होता जवळजवळ २० ने. अख्खा लॉट कस्टमरकडून परत आला. मामा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, खाली मान घालून एकेक पीस परत मोजत बसले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून खिशात छोटी वही ठेवतो. तक्रार सुरू झाली की विचारतो, कुठलं मशीन, कधीपासून, किती पीसला? आकडा आला की त्यांच्यासमोरच तारीख घालून लिहितो आणि त्याच शिफ्टला बघून घेतो. गेज असेल तर लगेच रिंगवर परत लावून. आकडा आला नाही तर चहा संपेपर्यंत ऐकायचं, तेही उभ्यानं, कारण बसलात की अर्धा तास गेला. ग्लास ठेवला की "चला मामा, मशीन थांबलंय" म्हणून उठायचं. यात खोटं काही नाही, मशीन खरंच थांबलेलं असतं.

सगळ्यांनी मिळून त्याला वेगळं बसवणं, किंवा पहिल्याच आठवड्यात एचआरकडे कागद देणं, दोन्ही नको. त्यानं तक्रारीला नवीन विषय मिळतो, आणि यावेळी त्याची तक्रार खरी असते. पण तो कुणाच्या जातीवरून, भाषेवरून बोलायला लागला, किंवा एखाद्या ट्रेनीला रोज टोचायला लागला, तर मात्र थांबू नका, लेखी द्या.

मामा रिटायर होताना आतल्या खिडकीपाशीच बसत होते. उजेडाची तक्रार शेवटच्या दिवसापर्यंत होती, आणि शेवटच्या दिवशीसुद्धा पहिलं काम म्हणून त्यांनी गेज रिंगला लावून बघितला.