मेमरी कार्डवर अ‍ॅप आणि फोटो हलवताना या चुका टाळा

फोनमधली जागा संपली की घरातलं कुणी ना कुणी कार्ड आणतं, फोनमध्ये घालतं आणि स्क्रीनवर जे विचारलं जाईल त्याला न वाचता 'हो' म्हणतं. निम्मं नुकसान तिथेच होतं.

नवं कार्ड घातल्यावर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर दोन पर्याय येतात: Portable storage आणि Internal storage. शब्द फोनगणिक थोडे बदलतात आणि काही कंपन्यांनी दुसरा पर्याय काढूनच टाकलाय. पहिला निवडला तर कार्ड साधं राहतं, दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकात घातलं तरी फोटो दिसतात. दुसरा निवडला तर फोन कार्ड पूर्ण पुसतो, त्यावरचा सगळा मजकूर कुलूपबंद करतो आणि किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून ही सोय आहे. जागा एकदम वाढलेली दिसते, म्हणून घाईतल्या माणसाला तीच आवडते.

माझ्या मावशीच्या फोनचं हेच झालं. तिच्या मुलाने कार्ड घातलं, Internal निवडलं आणि 'सगळे फोटो हलवू का' याला होकार दिला. कार्ड संथ असल्याचा इशारा आला होता, तोही त्याने बोटाने बाजूला सारला. काही महिन्यांनी फोन इतका रखडायला लागला की फोन लावताना नंबरचा कीपॅड यायलाही वाट बघावी लागे. मग तो दुरुस्तीला गेला आणि दुकानदाराने रीसेट मारला. 'फोटो कार्डात आहेत ना, मग काळजी नको,' असं तो मावशीला म्हणाला. रीसेटबरोबर किल्लीही गेली. कार्ड परत घातल्यावर फोन म्हणाला, हे कार्ड ओळखता येत नाही, फॉर्मॅट करा. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यात होते. कार्ड शाबूत, फोटोही जागेवर, पण उघडायला काही नाही. कार्ड घेऊन ती दोन दुकानं फिरली, पण किल्लीविना कुणी काय करणार?

मी तरी कार्ड Portable म्हणूनच वापरतो. ज्यांनी Internal केलंच आहे त्यांनी रीसेट करण्याआधी, कार्ड काढण्याआधी आणि फोन दुरुस्तीला देण्याआधी फोटो संगणकात उतरवावेत.

आता रोजची तक्रार: 'अमुक अ‍ॅप कार्डावर जातच नाही.' सेटिंग्जमध्ये अ‍ॅपचं नाव, मग Storage उघडून बघा. तिथे Change बटण असेल तर अ‍ॅप हलतं. नसेल तर तो बिघाड नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याने परवानगी द्यावी लागते, त्याने काहीच लिहिलं नसेल तर अ‍ॅप फोनमध्येच राहतं. फोनसोबत आलेली अ‍ॅपंही हलत नाहीत. काहींना परवानगी न देण्यामागे कारण असतं. गजर, कीबोर्ड, विजेट आणि जिवंत वॉलपेपर फोन सुरू होताच लागतात आणि कार्ड त्यानंतर जोडलं जातं. गजराचं अ‍ॅप कार्डावर असेल तर रात्री फोन बंद-चालू झाल्यावर सकाळचा गजर वाजेलच याची खात्री नाही. म्हणून जबरदस्तीने हलवणाऱ्या अ‍ॅपच्या नादी लागू नका, यूट्यूबवर कितीही गाजावाजा असला तरी.

अ‍ॅप हललं तरी जागा फारशी सुटली नाही, असंही होतं. Storage मध्ये अ‍ॅप, डेटा आणि कॅशे असे वेगळे आकडे दिसतात. समजा एका खेळाचं अ‍ॅप ९० एमबी आणि डेटा १ जीबी आहे. Portable कार्डावर बहुतेक वेळा ते ९० एमबीच जातात, डेटा फोनमध्येच राहतो. तेव्हा हलवण्याआधी मी हे आकडे बघतो. नुसता कॅशे पुसून काम भागत असेल तर कार्डाला हातही लावत नाही.

फोटो हलवताना 'मूव्ह' वापरू नका. मध्येच बॅटरी गेली किंवा कार्ड नकली निघालं तर फोटो हकनाक जातात. कॉपी करा, कार्डावरचे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे फोटो उघडून बघा, मग फोनमधले पुसा. शेवटचे का, तर नकली कार्ड ६४ जीबी म्हणवतं आणि प्रत्यक्षात ८ जीबीवर संपतं. फाइलची नावं दिसतात, फोटो मात्र राखाडी किंवा अर्धवट. नवं कार्ड संगणकाला लावून H2testw या कार्ड तपासणाऱ्या विंडोज प्रोग्रामने आधी तपासून घ्यावं. भरपूर वेळ खातं, पण खात्री पटते.

पुढचे फोटो सरळ कार्डावर हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Storage location बदला. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर मात्र उचलून कार्डावर टाकू नका. ते अ‍ॅप फोटो ठरलेल्या जागीच शोधतं आणि मग चॅटमधला जुना फोटो दाबला की तो सापडत नाही असं सांगतं.

आणि कार्ड काढायचं तर आधी सेटिंग्जमधून Eject करा, सरळ उपटू नका.