टिपणांवरून अहवाल लिहिताना या चुका टाळा

मुद्दा गाळला तर निदान मूळ टिपणाशी ताडून सापडतो. वाक्यं जोडताना आपण नकळत जो संबंध घुसवतो, तो सहसा सापडत नाही, आणि अहवालात खरी गडबड तिथेच होते. एका पाहणीची ही टिपणं पाहा:

१. गोदाम २, छताला गळती, पूर्व कोपरा
२. १४ खोकी ओली
३. पंप बंद, ३ तारखेपासून?
४. दुरुस्ती पुढच्या आठवड्यात
५. विमा कंपनीला कळवलेलं नाही

यावरून बऱ्याचदा असा परिच्छेद तयार होतो: "सदर पाहणीदरम्यान असे निदर्शनास आले की, गोदाम क्रमांक २ च्या छताला मोठ्या प्रमाणावर गळती असून त्यामुळे १४ खोकी भिजली आहेत. पंप ३ तारखेपासून बंद असल्याने पाण्याचा निचरा झाला नाही. दुरुस्तीचे काम पुढील आठवड्यात तातडीने हाती घेण्यात येईल."

वाचायला गुळगुळीत आहे, पण पूर्व कोपरा आणि विमा दोन्ही गळाले. 'मोठ्या प्रमाणावर', 'तातडीने' आणि निचऱ्याची गोष्ट टिपणात कुठेच नव्हती. तारखेपुढचं प्रश्नचिन्ह गेलं, म्हणजे शंका होती तिची खात्री झाली. आणि 'त्यामुळे'? खोकी गळतीनेच ओली झाली, असं टिपण म्हणत नाही. विम्याचा दावा करताना नेमका हाच शब्द विचारला जाईल.

'असून' दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवतं, 'असल्याने' कारण सांगतं. कारण लिहिलेलं नसेल तर पहिलं वापरा किंवा टिपण घेणाऱ्याला विचारा. इथे दोन प्रश्न पुरेसे होते: खोकी कुठे होती, आणि दुरुस्ती कशाची? समजा उत्तर आलं, "त्याच कोपऱ्याखाली" आणि "छताची". मग परिच्छेद असा होईल:

"गोदाम क्रमांक २ च्या छताला पूर्व कोपऱ्यात गळती आहे. त्या कोपऱ्याखालची १४ खोकी ओली आढळली. छताची दुरुस्ती पुढील आठवड्यात होणार असून विमा कंपनीला अद्याप कळवलेले नाही. पंपही बंद आहे. तो ३ तारखेपासून बंद असावा, मात्र तारखेची खात्री झालेली नाही."

'त्या कोपऱ्याखालची' हे शब्द मागचं वाक्य पुढे नेतात, म्हणून वेगळा सांधा लागत नाही. पंप शेवटी नेला, कारण बाकीचे चारही मुद्दे गळतीचे आहेत. क्रम बदलायला हरकत नाही, मात्र टिपणातला क्रम घटनांचा असेल तर तो हलवू नये.

तपासताना प्रत्येक वाक्यासमोर टिपणाचा क्रमांक लिहा. ज्या वाक्याला क्रमांकच मिळत नाही ते भरताड असतं, आणि उरलेला क्रमांक म्हणजे गळालेला मुद्दा. त्यानंतर विशेषणं आणि 'म्हणून', 'त्यामुळे', '-ने' यांवर पेन्सिलने गोल करा आणि प्रत्येकाचा आधार टिपणात किंवा मिळालेल्या उत्तरात शोधा. ही दुसरी फेरी टाळू नका. घुसवलेलं कारण क्रमांकांच्या तपासणीत बिनबोभाट सुटून जातं.