गनाश: ओतायचं आणि भरायचं, दोन वेगळी मापं

गनाश कसं करतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. डार्क चॉकलेट, गरम क्रीम, ढवळणं. मी नाशिकमध्ये घरून केक करते आणि नव्यानं ऑर्डरी घेणाऱ्या मुलींचे सगळ्यात जास्त फोन गनाशवरच येतात: 'ताई, ग्लेझ अर्ध्यावरच थांबलं', 'ताई, फिलिंग बाहेर येतंय'.

डार्क चॉकलेटचं माप असं: वरून ओतायच्या ग्लेझला चॉकलेट आणि क्रीम वजनानं समान, थरांमध्ये भरायच्या घट्ट गनाशला चॉकलेट क्रीमच्या दुप्पट. एक किलोच्या गोल केकसाठी मी ग्लेझला १५० ग्रॅम चॉकलेट, १५० ग्रॅम क्रीम घेते आणि फिलिंगला २०० ग्रॅम चॉकलेट, १०० ग्रॅम क्रीम. कपानं मोजू नका. कपात चिरलेलं चॉकलेट किती मावतं हे तुकडे किती बारीक आहेत त्यावर ठरतं. क्लासमध्ये मिळणाऱ्या कागदावर अजूनही कप लिहिलेले दिसतात आणि फी भरून आलेल्या मुलीला घरी ते जमत नाही, याचा मला खरंच राग येतो. काटा घ्या, बाकी साचे नंतर घ्या.

आता तो सापळा. मीही त्यात अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते. गनाश गरम असताना त्याच्या पातळपणावरून माप बदलायचं नाही. ताजं ढवळलेलं १५०-१५० चं ग्लेझ पाण्यासारखं वाटतं. हात आपोआप चॉकलेटकडे जातो आणि अजून ५० ग्रॅम पडतं. भांड्यात ते छान दाट दिसतं, पण आता ते २०० ला १५० झालेलं असतं. केकवर ओतलं की कडेवरून निम्म्यात थांबतं, फ्रिजमध्ये जाड कवच होतं आणि कापताना सुरीखाली तडकतं. कारण साधं आहे. घट्टपणा कोको बटर थंड होऊन गोठल्यावर येतो, आणि गरम भांड्यात ते वितळलेलं असतं. फिलिंगचंही तेच. गरम असतानाच 'हवं तसं' दिसलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची वीट झालेली असते.

मग ओळखायचं कसं? स्टीलची ताटली फ्रिजमध्ये ठेवा. चमचाभर गनाश तिच्यावर घाला, पाच मिनिटं परत आत ठेवा आणि मग बोट लावा. ग्लेझ मऊ राहून बोटाला लागायला हवं, फिलिंगवर ठसा उमटून तसाच राहायला हवा. माप बदलायचं ते ही ताटली बघून. ग्लेझ ओतायचं ते ३२ ते ३५ अंशांना, म्हणजे बोटाला ना गरम ना गार लागेल तेव्हा, आणि केक फ्रिजमधून नुकताच काढलेला असावा. जास्त गरम ओतलंत तर खालची व्हिप क्रीम वितळते.

क्रीमचं पाकीट वाचा. परदेशी कृतींमध्ये साधारण ३५ टक्के फॅटचं क्रीम धरलेलं असतं, आपल्याकडे सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के असतं. पहिल्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम पाणी, दुसऱ्यात ७० च्या जवळ. ग्लेझला एवढा फरक चालून जातो. फिलिंग मात्र सैल राहतं, म्हणून २०० ग्रॅम चॉकलेटला मी ते ९० ग्रॅमच घेते. पाणी जवळजवळ तेवढंच येतं. क्रीम खळखळ उकळू देऊ नका, कडेला बुडबुडे आले की पुरे. एवढ्याशा क्रीममधून वाफेनं १० ग्रॅम उडालं तरी माप हलतं.

फिलिंग फुटलं, म्हणजे दाणेदार होऊन तेल वर आलं, तर टाकून देऊ नका. चॉकलेट दुप्पट असल्यानं त्यात फॅटच्या मानाने पाणी कमी पडतं, म्हणून ते ग्लेझपेक्षा लवकर फुटतं. चमचा चमचा कोमट दूध घालत मधून बाहेर ढवळत या, परत चकचकीत होतं. घाबरायचं काही नाही, सगळ्यांचं फुटतं.

मे महिन्यात मात्र कडक राहा. नाशिकची थंडी घट्ट गनाशला फार सोयीची, रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलं की सकाळी लावण्याजोगं होतं. उन्हाळ्यात दुपारी खोलीच ३३-३४ अंशांवर जाते आणि कोको बटर साधारण तिथेच वितळतं. तेव्हा कितीही चॉकलेट वाढवलंत तरी फिलिंग बाहेर टिकणार नाही, उलट फ्रिजमध्ये दगड होईल. माप तेच ठेवा, फ्रिजमध्ये वीस-वीस मिनिटांनी काढून ढवळत घट्ट करा आणि ग्राहकाला केक गारच न्यायला सांगा. कंपाउंड चॉकलेट उन्हात थोडा जास्त तग धरतं, पण जिभेवर मेणासारखं राहतं; मी ते फिलिंगला वापरत नाही.

हे सगळं डार्कचं. घट्ट फिलिंगसाठी मिल्क चॉकलेट क्रीमच्या अडीचपट आणि व्हाइट तिप्पट घ्या, कारण त्यांत गोठून धरून ठेवणारा कोकोचा भाग कमी असतो. ताटली तिथेही लावायचीच.