सीझन संपताना भाव कुठल्या मालाचा पाडायचा

रेडिमेड कपड्यांच्या दुकानात मी काम शिकले, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात दारावर बोर्ड लागायचा : सगळ्यावर ५० टक्के सूट. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात बायका कुर्ती अंगाला लावून बघायच्या, पसंत करायच्या आणि विचारायच्या, "ताई, सेल कधी लागणार?" ती तारीख आम्हीच त्यांना पाठ करून दिली होती. तुमच्या दुकानात असं होतंय का, हे पाहायचं असेल तर सेलच्या आधीच्या चार आठवड्यांची विक्री मागच्या वर्षांशी ताडून बघा.

पुढच्या उन्हाळ्यात बोर्ड लावलाच नाही. आधी प्रत्येक डिझाइनचा हिशेब वेगळा मांडला. सुती कुर्तीची चार डिझाइन्स होती, प्रत्येकी ६० नग, भाव ९०० रुपये, खरेदी ५०० ची. १० मेपर्यंत तीन डिझाइन्स बऱ्यापैकी निघाली होती. मोहरी रंगाच्या प्रिंटचे मात्र ४८ नग पडून होते आणि आठवड्याला जेमतेम तीन जात होते. पावसाला पाच आठवडे. म्हणजे अजून १५ जाणार, ३३ उरणार, आणि उरलेला माल एकगठ्ठा उचलणारा लॉटवाला नगाला २५० च्या वर देत नाही. एकूण हातात २१,७५० रुपये. खरेदीच २४,००० ची.

नवीन माणूस इथे अडतो, कारण ५०० च्या खाली विकायला मन होत नाही. पण ते पैसे कधीच गेलेले असतात. आता तुलना करायची ती आजचा भाव आणि शेवटी लॉटवाला देईल तो भाव, या दोघांची.

म्हणून फक्त त्या एका डिझाइनचा भाव ७२० केला. तीन आठवड्यांत २७ नग गेले. मग ५४० केला, दोन आठवड्यांत आणखी १६. उरलेले पाच लॉटमध्ये. एकूण २९,३३० रुपये आले. पहिल्या आठवड्यात विक्री दुपटीनेही वाढली नसती, तर मी तीन आठवडे थांबले नसते, लगेच दुसरी कपात केली असती.

हा माल आम्ही मागच्या रॅकवर लावला. पुढे नवा माल, पूर्ण भावात. बाकीच्या तिन्ही डिझाइन्सना आणि साध्या लेगिंग्जना हातही लावला नाही. लेगिंग्ज बारा महिने जातात, त्यांचा भाव एकदा पाडला की गिऱ्हाईक तोच खरा भाव धरून बसतं. रॅक कधी लागेल हेही ठरलेलं ठेवलं नाही. एखाद्या डिझाइनचा सेट तुटला, नुसते एस आणि डबल एक्सएल उरले, की ते एप्रिलमध्येसुद्धा मागे जातात.

शेवटचे पाच नग पुढच्या वर्षासाठी ठेवायचा मोह मलाही झाला होता. पण घडीवर पिवळट रेघ पडलेली कुर्ती मार्चमध्ये नव्या मालाशेजारी टांगली, की नवाही जुना दिसतो.