जीआय पाइपला वेल्डिंग करायच्या आधी

पॉलीहाऊसचा दरवाजा निखळला की शेतकरी फोनवर एवढंच सांगतो, "दोन टाके मारायचेत, मशीन घेऊन या." पहिली तयारी त्या फोनवरच होते. दरवाजा बिजागऱ्यांतून काढून बाहेर मोकळ्या अंगणात आणून ठेवायला सांगायचं. आत पडदे सोडलेले असतात, वारा नसतो आणि डोक्यावर प्लॅस्टिकचा पेपर असतो. ठिणगीने पेपरला भोक पडलं तर ते बुजवता येईल, पण धूर तिथेच कोंडून राहतो. आणि दुसरा प्रश्नही फोनवरच विचारायचा: क्लॅम्प आणि नट-बोल्टने भागणार नाही का? पॉलीहाऊसचा सांगाडा बोल्टवर उभा करतात, त्याचं एक कारण हेच की जीआय पाइपवरचा जस्ताचा थर कुठे जळू नये. भागत असेल तर मशीन घरीच ठेवावं.

नाहीच भागलं, तर आधी हिशोब करून पाहू. पोलाद साधारण १५०० अंशांना वितळतं, जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे पाइप वितळायच्या आत त्यावरच्या जस्ताची वाफ होते, हवेत आल्याबरोबर तिचं झिंक ऑक्साइड बनतं, आणि तोच तो पांढरा धूर. पाइपवरचा थर ५५ मायक्रॉनच्या आसपास धरला तर पाच सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनात एक ग्रॅम जस्त असतं. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच बंद खोलीत तेवढंच जाळलं आणि सगळा धूर आतच राहिला, तर हवेत दर घनमीटरला ३५ मिलिग्रॅमच्या वर झिंक ऑक्साइड होतं. अमेरिकेच्या कामगार कायद्यात आठ तासांच्या सरासरीला मर्यादा ५ मिलिग्रॅमची आहे. सगळी तयारी त्या एका ग्रॅमसाठी.

आता सामान. दीड इंची बी क्लास पाइपच्या चौकटीचा एक कोपरा तुटलाय असं समजा. ग्राइंडर, ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क, पाइपच्या तोंडातून आत जाईल अशी गोल कानस, वायर ब्रश, गॉगल आणि मास्क. घासायला सुरुवात करतानाच मास्क लावायचा, कारण जस्ताची पूडही नाकात जायची गरज नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरवर खडूने खूण करून तेवढा पट्टा सगळ्या घेराने घासायचा. बरेच जण वेल्डच्या रेषेपुरतंच घासतात, पण उष्णता रेषेवर थांबत नाही, बाजूचं जस्तही उकळतं. डिस्क दाबायची नाही. जस्त मऊ असतं, दाबलं की डिस्क भरून जाते, आणि पाइपची जाडी मुळात तीन मिलिमीटरच्या आसपास असते, ती खायची नाही.

थर संपला हे कान आणि डोळे सांगतात. जस्तावर डिस्क ठिणग्या उडवत नाही, नुसती करडी पूड निघते. पोलाद लागलं की पिवळ्या ठिणग्यांचा फवारा सुरू होतो आणि आवाजही बदलतो. तरी शंका असेल तर शेतावर मोरचूद असतोच. चिमूटभर मोरचूद वाटीभर पाण्यात विरघळवून त्याचा थेंब घासलेल्या जागी टाकायचा. डाग तांब्यासारखा लाल झाला तर पोलाद उघडं पडलंय. काळा झाला तर जस्त अजून शिल्लक आहे. नंतर ती जागा धुऊन, सुकवून, डिस्क एकदा हलकी फिरवायची, तांबं सांध्यात नको. अ‍ॅसिडने थर काढायचा मोह टाळा, त्याचीही वाफ विषारीच आणि पाइपच्या आत राहिलेलं अ‍ॅसिड नंतर गंजवतं. ग्रीस पुसायला ब्रेक क्लीनरही नको. त्यात क्लोरीनचं द्रावण असेल तर आर्कजवळ त्याचा फॉस्जीन हा जीवघेणा वायू होतो.

पाइपला आतूनही जस्त असतं, आणि सगळ्यात जास्त चूक इथे होते. जिथपर्यंत कानस पोचेल तिथपर्यंत तोंडातून आत घासायचं. मात्र टी-जोडात उभ्या पाइपच्या मधल्या भागात हात पोचतच नाही. तिथलं जस्त जळणार हे गृहीत धरायचं, आणि तो धूर पाइपातून धावत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. चौकट धरून बसलेला पोरगा नेमका त्याच टोकाशी असतो. म्हणून दोन्ही टोकं उघडी ठेवायची आणि टोकापाशी कोणालाही बसवायचं नाही. टोकांना टोप्या असतील तर आधी काढायच्या. बंद पाइप तापला तर आतल्या दाबाने सांधा फुटू शकतो.

वाऱ्याची दिशा काम मांडण्याआधी बघायची. वारा पाठीमागून आला तर शरीरापुढे भोवरा तयार होतो आणि धूर उलटा तोंडाशी येतो. वारा बाजूने हवा, उजवीकडून डावीकडे किंवा उलट. वारा नसेल तर पंखा तसाच बाजूला लावायचा. रॉडच्या वेल्डिंगला पंख्याचा फारसा त्रास होत नाही. मिग वेल्डिंग असेल तर पंखा सांध्याला राखणारा गॅस उडवून नेतो, तिथे सांध्यापासून वीतभर अंतरावर धूर ओढणारी नळी लागते. छताचा एक्झॉस्ट फॅन पुरेसा नाही, कारण धूर तुमच्या नाकावरूनच वर जातो. डोकं धुराच्या खांबात न घालता बाजूला ठेवायचं. मास्क किमान एफएफपी२, तोही दाढी केलेल्या चेहऱ्यावर, नाहीतर कडेने हवा शिरते. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही.

एवढं करून २.५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड लावायचा. आर्क हिरवट दिसू लागली, सांध्याशी कापसासारखे पांढरे तंतू उडू लागले, फटफट आवाज करत थेंब उडाले किंवा वेल्डमध्ये टाचणीएवढी भोकं पडली, तर घासण्यात कसर राहिली आहे. थांबून पुन्हा घासा. अ‍ॅम्पिअर वाढवून भोकं बुजत नाहीत, धूरच वाढतो.

मी एकदा शेडमध्ये शटर अर्धं ओढून पाच-सहा सांधे न घासताच उरकले होते. दुपारी काही झालं नाही. रात्री नऊला तोंडात धातूची चव, मग हुडहुडी, अंगदुखी, ताप. मलेरियाच वाटला. हा मेटल फ्यूम फीव्हर असाच काही तासांनी येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. आमच्याकडे वेल्डरला दूध-गूळ देतात. द्यावं, पण दूध पोटात जातं आणि धूर फुप्फुसात, त्यामुळे त्याने काही थांबत नाही. दम लागला, छाती आवळली किंवा दोन दिवसांनीही ताप राहिला, तर दवाखान्यात जाऊन जीआय वेल्डिंग केलं होतं हे आधी सांगायचं.

सांधा गार झाला की स्लॅग झोडून, वायर ब्रश मारून, कोरड्या पोलादावर जस्ताचा रंग, म्हणजे कोल्ड गॅल्व्हनायझिंगचा, दोन हात द्यायचा. घासलेल्या पट्ट्याच्या थोडा पलीकडेपर्यंत द्यायचा. चंदेरी अ‍ॅल्युमिनियम पेंट दिसायला तसाच दिसतो, पण ओलसर हवेत तो जस्तासारखं राखण करत नाही.