दोन क्लिपमधली स्किन टोन जुळवताना व्हेक्टरस्कोपनी मला आधी चकवलं, मग शिकवलं

एडिटिंगला लागून तीन-चार महिने झाले असतील, तेव्हा दोन कॅमेऱ्यांवर शूट केलेला एक इंटरव्ह्यू माझ्याकडे आला. समोरच्या कॅमेऱ्यात माणूस एकदम नॉर्मल आणि बाजूच्या कॅमेऱ्यात तोच माणूस हिरवट, आजारी असल्यासारखा. मी डोळ्यांनीच जुळवत बसलो, अर्ध्या तासात डोळ्यांना हिरवटपणाची सवय होऊन गेली आणि मला दोन्ही सारखेच दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघतो तर कट कटला चेहरा रंग बदलतोय.

मग व्हेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातले रंग गोल आलेखावर दाखवणारं साधन, उघडला. त्यात कोन म्हणजे रंग कोणता आणि मधल्या बिंदूपासूनचं अंतर म्हणजे रंग किती गडद, एवढंच असतं. लाल वरती किंचित डावीकडे, पिवळा डावीकडे, आणि त्या दोघांच्या मधे स्किन टोनची रेघ. मी वापरतो त्या रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधे ती दिसत नसेल तर स्कोपच्या सेटिंग्जमधून चालू करायची. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेचा रंग साधारण याच रेघेच्या आसपास पडतो, फरक येतो तो जास्त करून उजळपणात, आणि उजळपणा व्हेक्टरस्कोप दाखवतच नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी काय केलं, बाजूच्या क्लिपमधला जो मोठा पट्टा दिसत होता तो ओढून रेघेवर आणला आणि खूश झालो. चेहरा लालबुंद! कारण तो पट्टा चेहऱ्याचा नव्हताच, मागे लाकडी दरवाजा होता त्याचा होता. लाकूड, वीट, मातीचा रंग हे सगळं त्वचेच्याच दिशेला पडतं, त्यामुळे पूर्ण फ्रेमचा स्कोप बघून स्किन जुळवायला जाल तर हमखास फसाल.

म्हणून आता आधी चेहरा वेगळा काढतो. रिझॉल्व्हच्या नोडवर गाल आणि कपाळ येईल एवढी छोटी पॉवर विंडो, म्हणजे करेक्शन तेवढ्याच भागापुरतं ठेवणारा आकार, ओठ, दाढी आणि चकाकणारा भाग टाळून, मग Shift+H. बाहेरचं सगळं राखाडी होतं, राखाडी मधल्या बिंदूत जाऊन बसतं आणि स्कोपवर फक्त त्वचेचा ठिपका उरतो. ठिपका बारीक वाटला तर स्कोपचा झूम वाढवायचा.

पण रंगाला हात लावायच्या आधी उजळपणा दाखवणारा स्कोप, वेव्हफॉर्म. त्या इंटरव्ह्यूत समोरच्या क्लिपमधे गाल ६०० च्या आसपास होता (१०२३ च्या स्केलवर) आणि बाजूच्या क्लिपमधे ७०० च्या वर. आधी तो खाली आणला, कारण उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट बदलला की सॅच्युरेशनही हलतं, म्हणजे रंग आधी जुळवला असता तर ती मेहनत वायाच गेली असती.

मग पांढरा शर्ट बघितला, कारण शर्ट खोटं बोलत नाही (अगदी निळसर धुतलेला नसेल तर). विंडो शर्टावर नेली तर ठिपका मधे असायच्या ऐवजी हिरव्याकडे, म्हणजे खाली डावीकडे सरकलेला. म्हणजे दोष त्वचेचा नाही, व्हाइट बॅलन्सचा. टिंट मॅजेंटाकडे नेऊन शर्ट मधे आणला आणि परत चेहऱ्यावर गेलो तर नव्वद टक्के काम झालेलं. कोन समोरच्या क्लिपइतकाच आला, फक्त ठिपका थोडा जास्त लांब पोचत होता, तेवढं सॅच्युरेशन कमी केलं.

इथे एक गोष्ट, मी ठिपका रेघेवर नेला नाही, समोरच्या क्लिपचा ठिपका जिथे होता तिथे नेला. तो रेघेच्या किंचित लालकडे होता कारण माणूसच तसा लालसर होता. समोरच्या क्लिपच्या स्कोपचा स्क्रीनशॉट बाजूला ठेवून काम केलं. रेघ हा फक्त अंदाज आहे, दोघांनाही मारून मुटकून त्यावर बसवलं की सगळी माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसतात.

शर्ट मधे आहे पण चेहरा तरी हिरवट, असं झालं तर प्रकरण वेगळं असतं. बहुतेक वेळा चेहऱ्यावर एक लाइट आणि शर्टावर दुसराच पडलेला असतो. तिथे पूर्ण फ्रेम ढकलून उपयोग नाही, Hue Vs Hue कर्व्हमधे त्वचेचा रंग निवडून थोडासाच फिरवायचा, आणि त्याच्याबरोबर तो लाकडी दरवाजा पण फिरतोय का ते बघायचं. फिरत असेल तर चेहऱ्याला विंडो लावून ट्रॅक करण्याशिवाय इलाज नाही.

आणि हो, व्हाइट बॅलन्सवालं करेक्शन झालं की Shift+H आणि विंडो दोन्ही बंद करा. माझ्याकडून एकदा विंडो तशीच राहिली, गाल आणि कपाळ मस्त आणि मान, कान, हात हिरवेच. क्लायंटनीच दाखवून दिलं.